न चाखता शिजवलेलं चाळीस पानांचं जेवण

बाहेरच्या खोलीत कथेचा दुसरा अध्याय सुरू झालेला असतो. चौरंगाला केळीचे खुंट बांधलेले, कलशाभोवती उदबत्तीचा धूर, आणि गुरुजींचा आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो. आत पंधरा लिटरच्या पातेल्यात वरण रटरटत असतं. त्याच्याजवळ उभ्या असलेल्या बाईच्या हातात पळी असते, पण ती पळी तोंडाकडे जात नाही. कोणीतरी दारातून डोकावून विचारतं, "मीठ पाह्यलं का वो काकू?" त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "निवद दाखवला नाही अजून."

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही घरातल्या सत्यनारायणाचं हे चित्र आहे. घरच्या पूजेचा स्वयंपाक वाढदिवसाच्या किंवा डोहाळजेवणाच्या स्वयंपाकापेक्षा वेगळा पडतो तो दोन कारणांनी. पहिलं म्हणजे नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. दुसरं म्हणजे जेवणाची वेळ स्वयंपाक करणाऱ्यांच्या हातात नसते. गुरुजी आधीची पूजा आटोपून अर्धा तास उशिरा येतात, आरत्या वाढतात, कोणाची तरी वाट पाहिली जाते. चार माणसांत ही दोन्ही बंधनं निभावून जातात. चाळीस पानांत मात्र मीठ चुकलं की दहा लिटर वरण चुकतं, आणि पोळ्यांना उशीर झाला की पंगत ताटकळते.

म्हणून अशा दिवसाचा बेत ठरवताना पदार्थ किती चविष्ट, याआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. हा पदार्थ न चाखता नीट होईल का? आणि होऊन तासभर थांबला तर बिघडेल का?

पोळीचं गणित

वऱ्हाडात पूजेचं जेवण म्हटलं की आधी पुरणाची पोळी आठवते. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरण, आंबील, कढी, भाज्या असा मोठा घाट घातला जातो, पण त्यासाठी घरात चार-सहा हात राबत असतात. एरवीच्या पूजेला साधी पोळी करायची म्हटली, तरी माणशी तीन धरून एकशे वीस पोळ्या होतात. एका तव्यावर एक पोळी दीड मिनिटात उतरली असं धरलं, तरी तीन तास लाटणं थांबत नाही. पुरी लवकर होते, पण तळून ठेवली की चामट होते.

भाकरीचं तर आणखी अवघड. शेगावच्या गजानन महाराजांच्या भक्तांच्या घरी पारायणाला किंवा प्रगटदिनाला ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी आणि मिरची हाच नैवेद्य असतो. महाराज शेगावात प्रथम दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजी, एका घरच्या जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. त्या साधेपणाची आठवण म्हणून भाकरी-पिठलं योग्यच आहे. फक्त माणशी दीड धरली तरी साठ भाकरी होतात, आणि थापून, पाणी फिरवून, निखाऱ्यावर शेकून एका भाकरीला तीन मिनिटं तरी लागतात. दोन तवे आणि थापणाऱ्या दोघी असतील तरच हा बेत धरावा.

चाळीस माणसांचं उत्तर याच मुलखानं आधीच शोधून ठेवलं आहे. शेतातल्या मारुतीला, महादेवाला नवस फेडायचा असला की वऱ्हाडात रोडग्यांचा स्वयंपाक होतो. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आहारात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि तूप घालून वरणात कुस्करायचे, सोबत वांग्याची भाजी. चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते तेव्हा माळावर जागोजागी असे जगरे पेटलेले दिसतात. रोडग्याला लाटणं लागत नाही, तवा लागत नाही, आणि तो आहारात तासभर जास्त राहिला तरी गरमच निघतो.

शहरातल्या फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत. तिथे रोडग्याचं भावंड असलेली बट्टी कामी येते. अकोला-बुलढाण्यापासून खानदेशापर्यंत ती घरोघरी होते. कणकेचे उंडे वाफवायचे, गार झाले की कापायचे आणि तळायचे. वाफवण्याचं काम पहाटे उरकता येतं, तळलेली बट्टी दीड-दोन तास तशीच खुसखुशीत राहते, आणि वाढताना ती वरणात चुरायचीच असल्यामुळे थोडी निवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा बेत असा: प्रसादाचा शिरा, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, भात आणि काकडीची कोशिंबीर. लिंबू, लोणचं आणि तूप पानात असतंच.

सव्वाचं माप

सत्यनारायणाच्या कथेतच प्रसादाचं साहित्य सांगितलेलं आहे. केळी, तूप, दूध आणि गव्हाचं पीठ. गहू नसला तर तांदळाचं पीठ. साखर किंवा गूळ. आणि हे सगळं सव्वा मापानं. कथेत माप कशाचं ते ठरवून दिलेलं नाही. वाटी घ्या, पाव घ्या, किलो घ्या, त्याचा एक आणि वर त्याचाच पाव हिस्सा, एवढंच. घरोघरी चूक होते ती इथे. "सव्वा म्हणजे सव्वा किलो" असं धरून शिरा केला की सात किलोच्या वर भरतो आणि संध्याकाळी डबे घेऊन शेजार धुंडाळावा लागतो. सव्वा पाव घेतला तर दोन किलोच्या आत होतो आणि शेवटच्या दहा जणांना चिमटीनं वाटावा लागतो.

चाळीस पानांना अर्धा किलो हे माप धरावं. त्याचं सव्वा म्हणजे 625 ग्रॅम. रवा, साखर आणि तूप प्रत्येकी 625 ग्रॅम, दूध सव्वा लिटर, पाणी 625 मिलिलिटर, आणि केळी चाराची सव्वापट म्हणजे पाच. यातून पावणेचार किलोच्या आसपास शिरा तयार होतो. माणशी सत्तर ग्रॅमची मूद वाढली तर चाळीस पानांना पावणेतीन किलो लागतो. उरलेला किलोभर शिल्लक पडला असं मानायचं नाही, तो मुद्दाम धरलेला आहे. चौथ्या अध्यायात कलावती प्रसाद टाकून नवऱ्याच्या नौकेकडे धावते आणि पाचव्यात तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद नाकारतो, आणि दोघांनाही त्याचं फळ भोगावं लागतं. त्यामुळे जेवायला न थांबणारे शेजारी, खालचा चौकीदार, इस्त्रीवाला, असा कोणीही प्रसादाशिवाय परत पाठवायचा नसतो. जेवणाला चाळीस असले तरी प्रसाद साठ जणांचा धरावा लागतो तो यासाठी.

शिरा न चाखता बिघडत नाही, कारण त्याच्या खुणा डोळ्यांना आणि नाकाला कळतात. जाड बुडाच्या कढईत तूप घालून रवा मंद आचेवर भाजायचा. एवढ्या रव्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दाणा फुलून बदामी होतो आणि उलथनं हलकं फिरायला लागतं. मग केळ्याच्या चकत्या त्याच तुपात टाकून दोन-तीन मिनिटं परतायच्या. केळं आधी तुपात शिजलं की शिऱ्याला त्याचा कच्चा वास येत नाही. त्यानंतर दूध आणि पाणी उकळतं ओतायचं. गार दूध घातलं तर रव्याच्या गुठळ्या होतात.

साखर सगळ्यांत शेवटी. झाकण ठेवून रव्यानं दूध पूर्ण पिऊन घेतल्यावरच ती घालायची. साखर घाईनं पडली तर ती पाणी ओढून घेते, रवा अर्धवट फुगतो आणि दाताखाली कचकचतो. तो मग कितीही वाफ दिली तरी मऊ होत नाही. साखर विरघळून शिरा कढईच्या कडा सोडू लागला आणि कडेनं तूप दिसलं की झाला. वर वेलची आणि एक तुळशीचं पान. दूध आणि केळं असल्यामुळे उन्हाळ्यात हा शिरा सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवण्यासारखा नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारीच वाटून संपवलेला बरा.

मिठाचा काटा

चाखायची मनाई असलेल्या स्वयंपाकघरात सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे वजनकाटा. अंदाजानं मीठ घालणाऱ्या सुगरणीचा हात चार माणसांच्या भाजीवर बसलेला असतो, दहापट पातेल्यावर तो हमखास चुकतो. कधी भीतीनं कमी पडतं, कधी दोनदा पडतं, कारण पहिल्यांदा घातल्याचं दुसरीला ठाऊक नसतं. म्हणून मीठ तीन वाट्यांत आधीच मोजून ठेवायचं आणि प्रत्येक वाटीजवळ पदार्थाचं नाव लिहायचं. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलं.

मापं साधी आहेत. दोन किलो तुरीच्या डाळीचं साधारण दहा लिटर वरण होतं, त्याला ऐंशी ग्रॅम. सहा किलो वांगी आणि दीड किलो आलू यांच्या भाजीला पासष्ट ग्रॅम. साडेचार किलो पिठाच्या बट्टीला पंचावन्न ग्रॅम. भातात मीठ नाही. ही मापं मुद्दाम थोडी हात राखून धरली आहेत. नैवेद्य दाखवला की चाखण्याची बंदी उठते, आणि पंगत बसेपर्यंत मिळणाऱ्या दहा मिनिटांत कमी पडलेलं मीठ घालता येतं. जास्त झालेलं काढता येत नाही. नैवेद्याच्या पानात तर वेगळं मीठ वाढतच नाहीत, तेव्हा देवाच्या पानापुरता प्रश्नच उरत नाही.

या मापांना एक स्थानिक अपवाद आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरी आणि बोअरचं पाणी मुळातच खारट. अशा गावी हे ऐंशी ग्रॅमही वरणाला जास्त होतील. शिवाय जड पाण्यात डाळ शिजायला त्रास देते. पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारा भाग घट्ट होतो, आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा अख्खा राहतो. पूजेच्या दिवशी डाळ आणि भात तरी नळाच्या किंवा आणलेल्या गोड्या पाण्यात शिजवावे. आदल्या आठवड्यात मूठभर डाळ त्याच पाण्यात शिजवून पाहिली तर पूजेच्या दिवशी धावपळ होत नाही. त्या दिवशीची चव आजच घेऊन ठेवण्याचा हा एकच मार्ग आहे.

डाळीची आणखी एक गोष्ट. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर भरायचं नाही, कारण फेस वर येऊन शिट्टी तुंबते. म्हणजे एका वेळी सहाशे ग्रॅमच डाळ बसते आणि दोन किलोला चार फेऱ्या होतात. शेजारून दहा लिटरचा कुकर मागून आणला तर दोन फेऱ्यांत काम उरकतं. हळद आणि चमचाभर तेल शिजतानाच, चिंच-गूळ मात्र डाळ घोटून झाल्यावर. आंबट आधी पडलं तर डाळ मऊ व्हायला वेळ घेते.

वांगं चालतं कधी

नैवेद्यात कांदा-लसूण नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी फसगत होते ती डब्यातल्या मसाल्यात. घरचा काळा मसाला कुटताना त्यात तळलेला कांदा किंवा लसूण पडलेला असू शकतो, ते आधी आठवून पाहावं. वांग्याच्या रश्शाला दाटपणा यायला कांदा लागतोच असं नाही. पाऊण किलो शेंगदाण्याचा कूट, पाव किलो भाजलेले तीळ आणि तेवढंच सुकं खोबरं वाटून घातलं की रस्सा अंगाबरोबर होतो. भरली वांगी करायची हौस मात्र या दिवशी टाळावी. शंभर वांगी चिरून, भरून, न मोडता शिजवणं हे वेगळंच काम आहे. फोडी कराव्या, आणि चिरल्या की लगेच मिठाच्या पाण्यात टाकाव्या, नाहीतर त्या काळ्या पडतात. तिखट बेतानं घालून लसणाशिवायचा मिरचीचा ठेचा बाजूला ठेवला की झणझणीत खाणाऱ्यांचीही सोय होते.

वांग्याला तिथीची अडचण आहे. अनेक घरांत चातुर्मासात वांगं, कांदा आणि लसूण तिन्ही वर्ज्य असतात, आणि काहींकडे हा नेम मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुटतो. श्रावणातल्या सत्यनारायणाला म्हणूनच वांग्याच्या जागी लाल भोपळा आणि आलू घ्यावा. भोपळा सहा किलोच, पण तो वांग्यापेक्षा लवकर शिजतो आणि जास्त वेळ ठेवला तर विरघळतो, तेव्हा त्याला पाणी न घालता वाफेवरच ठेवावं. पूजा एकादशीला येत असेल तर उपास करणाऱ्यांना बट्टी-भात चालणार नाही. सत्यनारायण कोणत्याही दिवशी करता येतो, मग चाळीस जणांना बोलावताना पौर्णिमा गाठलेली सोयीची.

कोरडं काल, ओलं आज

शिळ्याचा नैवेद्य होत नाही. पाण्यात भिजलेलं धान्य रात्र ओलांडून गेलं की ते शिळं, असं बहुतेक घरं मानतात. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप होते. कोरडी कामं आदल्या दिवशी: डाळ-तांदूळ निवडणं, कूट करणं, तीळ-खोबरं भाजणं, मीठ मोजणं. पाण्याचा स्पर्श होणारं सगळं त्या दिवशी अंघोळीनंतर.

चक्कीवर "बट्टीचं जाड दळून द्या" एवढं सांगितलं की रवाळ पीठ मिळतं. चार किलो गहू आणि अर्धा किलो मका एकत्र दळावा. मक्यानं बट्टी ठिसूळ होते. त्यात मोहन म्हणून साडेचारशे ग्रॅम तेल, ओवा, जिरं, हळद आणि मोजलेलं मीठ. मोहन पुरेसं पडलं की नाही हेही न चाखता कळतं. मूठ आवळली की पिठाचा लाडू राहायला हवा. पीठ घट्ट भिजवायचं, साधारण दोन लिटर पाण्यात.

पूजा साडेनऊला आणि नैवेद्य बाराला धरला, तर सकाळ अशी जाते. सहाला पीठ भिजतं. साडेसहापासून दोन मोदकपात्रांत उंडे वाफवायला लागायचे. एका घाण्याला पंचवीस मिनिटं, सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झालं. आठपर्यंत सगळे उंडे ताटांत पसरलेले असतात. ते पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम कापले तर आत चिकट राहतात आणि कढईत तेल पितात. त्याच वेळात डाळीचे कुकर आणि नंतर वांग्याची भाजी. दहाला प्रसादाचा शिरा चढतो, म्हणजे तो अकराला उतरून चौरंगाजवळ जातो.

यापुढचं घड्याळ कथेवर चालतं. एका कढईत अर्धा किलो बट्टी मावते आणि सहा मिनिटांत लाल होते. सात किलोच्या आसपास उंड्यांना चौदा घाणे, म्हणजे दीड तासाच्या जवळ. दोन कढया लावल्या तर पाऊण तास. म्हणून तळणीचं तेल दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तापत ठेवायचं. अडीच किलो तांदळाचा भात चौथ्या अध्यायाला. भात आधी करून ठेवला तर खालचा थर गच्च होतो, आणि कोमट राहिलेला भात वऱ्हाडच्या उकाड्यात लवकर आंबतो. कोशिंबिरीत दही आणि मीठ आरतीनंतर, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

गुरुजींना अर्धा तास उशीर झाला तर? भाजी आणि वरण मंद आचेवर थांबतात, उंडे ताटात थांबतात, तांदूळ धुतलेले थांबतात. फक्त शिरा लवकर उतरवू नये, एवढंच पाहावं लागतं.

बाराच्या सुमारास आरती होते. जमिनीवर पाण्यानं चौकोन काढून त्यावर पान ठेवतात, तुळशीचं पान ठेवून पाणी फिरवतात. घंटा थांबते. आत पळीभर वरण वाटीत येतं, काकू पहिल्यांदाच जिभेला लावतात आणि चिमटीनं मीठ टाकून ढवळतात. बट्टीचा पहिला तुकडा सून खाऊन पाहते आणि मान हलवते. मग ताटं मांडली जातात, तुपाचं भांडं हातात घेतलेला पोरगा दारातून ओरडतो, "चला, जेवाले बसा!"

चार-पाच बट्ट्या बहुतेक वेळा उरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुरून, जिरं-मोहरीच्या फोडणीत परतून घरचेच नाश्त्याला खातात. त्यात मग कांदाही पडतो.